दोन ओळी आणि चार सेकंद

सबटायटलचा स्क्रीनशॉट फसवा असतो. चित्र आहे, खाली इंग्रजी मजकूर आहे, मजकूर समजतोय. मग मराठी करायला काय लागतं? नारायणगावच्या एका शाळेत शिकवणाऱ्या माझ्या मित्रालाही तसंच वाटत होतं. फेब्रुवारीत विज्ञान दिनाच्या सुमाराला खोडदच्या जीएमआरटीमध्ये प्रदर्शन भरतं. तिथे सहावीच्या मुलांना नेण्याआधी त्याला वर्गात एक छोटा व्हिडिओ दाखवायचा होता. इंग्रजी सबटायटल व्हिडिओतच छापलेली होती, वेगळी फाइल नव्हती. म्हणून त्याने व्हिडिओ थांबवत थांबवत चाळीसेक स्क्रीनशॉट काढले आणि मला व्हॉट्सॅपवर पाठवले. खाली लिहिलं होतं, "दोन-दोन ओळी तर आहेत. रात्रीतून होईल ना रे?"

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. आमच्या कामात आधी मर्यादा विचारायची आणि मग हात घालायचा, अशी सवय लागते. सबटायटलच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, आणि मोठ्या ओटीटी कंपन्यांच्या नियमांत एका ओळीत साधारण ४२ कॅरेक्टर. वाचनाच्या वेगासाठी मी सेकंदाला १७ कॅरेक्टर हा जुना, सावध आकडा धरला. मुलांसाठी तो आणखी कमी ठेवतात.

पहिल्याच स्क्रीनशॉटमध्ये खोडदची एक डिश होती आणि खाली हे:

```
The dish is not a solid bowl. It is a mesh
of thin steel wire. The wind goes through.
```

मोजलं तर दोन्ही ओळी बरोबर ४२. म्हणजे एकूण ८४ कॅरेक्टर. इथे स्क्रीनशॉटची पहिली उणीव कळते. त्यात मजकूर असतो, वेळ नसते. हे शब्द पडद्यावर किती सेकंद होते, ते थांबलेल्या चित्रातून दिसत नाही. फार तर उलटा हिशेब करता येतो: ज्याने हे इंग्रजी सबटायटल केलं त्याने १७ चा नियम पाळला असेल, तर ८४ भागिले १७, म्हणजे जवळपास पाच सेकंद. मी तेवढे गृहीत धरले आणि सरळ भाषांतर लिहिलं: ही डिश म्हणजे भरीव वाडगा नाही. ती पोलादाच्या बारीक तारांची जाळी आहे, त्यामुळे वारा तिच्यातून आरपार जातो.

हे झाले १०४ कॅरेक्टर. वाचायला सहा सेकंदांहून जास्त. वाक्यात चूक काही नाही, फक्त ते वाचून व्हायच्या आत निघून जाणार.

मग काय कापायचं? इथे चित्र मदतीला येतं. जे डोळ्यांना दिसतंय ते शब्दांनी पुन्हा सांगायची गरज नाही. डिश वाडग्याच्या आकाराची आहे हे दिसतंय, तेव्हा 'वाडगा' गेला. तारा बारीक आहेत हेही दिसतंय, 'बारीक' गेला. पण तारा कशाच्या आहेत ते दिसत नाही, आणि वारा तर दिसतच नाही. ते दोन्ही राहायलाच हवेत, कारण सगळी गंमत तिथेच आहे. ४५ मीटर व्यासाची डिश भरीव पत्र्याची केली असती तर वाऱ्याचा रेटा सोसायला तिचा सांगाडा फार जड आणि महाग झाला असता. अशा तीस डिश उभ्या करायच्या होत्या. जीएमआरटी ज्या रेडिओ लहरी पकडते, त्यांतल्या सगळ्यांत आखूड लहरींचीही लांबी वीसेक सेंटिमीटर असते. एक-दोन सेंटिमीटरची भोकं त्यांना जाणवत नाहीत. वाऱ्याला जाळी आणि लहरींना भिंत. ही गोष्ट त्या दोन ओळींतून मुलांपर्यंत पोचायला हवी होती.

मी लिहिलं:

```
ही डिश भरीव नाही.
पोलादी तारांची जाळी आहे, वारा आरपार जातो.
```

वरची ओळ १७, खालची ४१. ओळही मुद्दाम तिथेच तोडली. 'तारांची' वर आणि 'जाळी' खाली गेली असती तर डोळा मध्येच अडखळला असता.

दुसरी उणीव अकराव्या स्क्रीनशॉटला भेटली:

```
We switched it off before we went in.
```

इंग्रजीत 'इट'वर भागतं. मराठीत केला, केली की केलं? मोबाईल केला, गाडी केली, यंत्र केलं. शिवाय 'वी' म्हणजे आम्ही की आपण? उत्तर या फ्रेममध्ये नाहीच, आधीच्या फ्रेममध्ये आहे. मित्राला फोन केला. तो म्हणाला, "मोबाईल रे. तिथे मोबाईल बंद ठेवायला सांगतात, नाहीतर डिशला त्याचाच गोंगाट ऐकू येतो." बोलणारी माणसं प्रेक्षकाला धरून बोलत नव्हती, म्हणून 'आम्ही'. 'मोबाईल बंद करूनच आम्ही आत गेलो' असं लिहिलं. तेव्हापासून मी प्रत्येक स्क्रीनशॉटबरोबर मागचा आणि पुढचाही मागतो.

दोन दिवसांनी पेनड्राइव्हवरून खरा व्हिडिओ आला. जाळीचं सबटायटल पाच नाही, चारच सेकंद टिकत होतं. म्हणजे इंग्रजी सेकंदाला २१ च्या वेगाने धावत होतं. मूळ सबटायटल नियम पाळतंच असं नाही, त्यामुळे मजकुरावरून काढलेली वेळ हा अंदाजच राहतो. सगळ्यात बरं म्हणजे प्लेयरचा वेळ दिसेल असे दोन स्क्रीनशॉट घ्यायचे, एक मजकूर उमटल्याबरोबर, एक जाण्याआधी. माझी ५८ कॅरेक्टर चार सेकंदांत बसत होती, सेकंदाला साडेचौदा. सरळ भाषांतर २६ वर गेलं असतं.

मित्राने वर्गात दाखवून पाहिलं. मुलांनी वेळेत वाचलं, पण एका मुलीने विचारलं, "सर, पोलादी म्हणजे?" त्यांच्या घरी डबा, पातेलं, कपाट सगळं स्टीलचं असतं, पोलादाचं काहीच नसतं. मी 'स्टीलच्या' केलं आणि ओळ ४४ वर गेली. मर्यादेबाहेर.

पण ही मर्यादा मोजतंय कोण? पायथॉनला विचारून बघा:

```
len("कमळ")          # 3
len("शास्त्रज्ञ")    # 10
```

आपल्या डोळ्यांना दोन्ही शब्द तीन अक्षरांचे. मशीन मात्र प्रत्येक काना, मात्रा आणि जोडाक्षरात लपलेला हलन्त वेगळा मोजतं. 'पोलादी' सहा आणि 'स्टीलच्या' नऊ. डोळ्यांना दोन्हीत तीनच अक्षरं. ४२ चा आकडा मुळात ओळ पडद्यात मावावी आणि एका नजरेत वाचता यावी म्हणून आहे. तेव्हा मी मोजणं सोडून ती ओळ त्याच स्क्रीनशॉटवर, इंग्रजी मजकुराच्या जागी, तेवढ्याच उंचीच्या फॉन्टमध्ये ठेवली. दोन्ही बाजूंना जागा उरली. उकार आणि वेलांट्याही खालच्या-वरच्या ओळीला चिकटल्या नाहीत.

वेळेचं काय? तिथे सूट घ्यायची नव्हती, वाचणारी मुलं होती. वरच्या ओळीतला 'ही' काढला, कारण पडद्यावर एकच डिश होती. एकूण पुन्हा ५८.

```
डिश भरीव नाही.
स्टीलच्या तारांची जाळी आहे, वारा आरपार जातो.
```

एखाद्या कंपनीच्या तपासणीत ही खालची ओळ लाल होऊन परत आली असती, आणि मला 'पोलादी' ठेवावं लागलं असतं. आमच्या व्हिडिओला तपासणारी सहावीची मुलं होती. खोडदला डिशखाली उभं राहिल्यावर त्या मुलीने मित्राला म्हणे विचारलं, वारा जातो तर मग लहरी का जात नाहीत? त्याचं उत्तर चार सेकंदांत बसत नाही. ते त्याने तिथेच उभं राहून सांगितलं.