तीन, चौघांत

माद्रिदच्या शाळेत लेक चौथीत गेली आणि वहीत अपूर्णांक आले. तोवर तिचं गणित मी सहज घेत होते, कारण आकडे कुठेही तेच असतात. अपूर्णांकांपाशी आल्यावर शब्द आडवे आले.

एका संध्याकाळी उदाहरण होतं, 'त्रेस एन्त्रे क्वात्रो'. 'एन्त्रे' म्हणजे 'दरम्यान' हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी सांगितलं, "तीन आणि चारच्या मधली संख्या हवी आहे, साडेतीन लिही." तिनं लिहिलं. दुसऱ्या दिवशी वही लाल खूण घेऊन परत आली. "आई, अगं, इथे एन्त्रे म्हणजे भागिले," ती हळूच म्हणाली. माझ्यामुळे तिचं उत्तर चुकलं याचं मला फार वाईट वाटलं.

मधली संख्या विचारायची असती, तर शब्दांचा क्रम वेगळा असता: 'एन्त्रे त्रेस इ क्वात्रो'. तिथे 'एन्त्रे' आधी येतो आणि दोन आकड्यांना 'इ', म्हणजे 'आणि', जोडतो. इथे तो 'आणि' नव्हता. 'एन्त्रे'च दोन आकड्यांच्या मध्ये होता: तीन, चौघांत वाटलेले. आपण शाळेत तीनला चारने भागतो, तेव्हा चार म्हणजे सुरीसारखं काहीतरी वाटतं. या वाक्यात मात्र ते चौघे जण ताटं घेऊन समोर बसलेले दिसतात. तेव्हापासून मी तिला भागाकार 'चौघांत' असाच वाचून दाखवते.

पुढच्या उदाहरणात खरोखरच ताटं होती. तीन तोर्तिया, म्हणजे बटाट्याची जाड ऑम्लेटं, चार मुलांत वाटायची होती आणि प्रत्येकाला किती 'तोका' ते विचारलं होतं. 'तोकार' म्हणजे स्पर्श करणे, पण वाटणीच्या गणितात त्याचा अर्थ 'वाट्याला येणे'. हे सांगताच तिचा चेहरा उजळला. आजी लाडू वाटताना 'तुझ्या वाट्याला दोन' म्हणते, तेच हे.

आम्ही कागदावर तीन वर्तुळं काढली. तिनं आधी दोन तोर्तिया अर्ध्या केल्या आणि चौघांना अर्धी अर्धी दिली. उरलेल्या तिसरीचे चार पाव केले आणि एकेक वाटला. अर्धा आणि पाव. "म्हणजे पाऊण!" ती म्हणाली. वहीत मात्र 'त्रेस क्वार्तोस' लिहायचं होतं, म्हणून मी तिला तिन्ही तोर्तिया पावांत कापायला लावल्या. एकूण बारा पाव झाले, प्रत्येकाला तीन. पाऊण म्हटलं की तो एकच जिन्नस वाटतो. 'त्रेस क्वार्तोस'मध्ये तीन तुकडे मोजता येतात. हे दोन्ही तिच्याजवळ राहावं असं मला मनापासून वाटतं.

घाईत ती कधी चार वर आणि तीन खाली लिहिते. तेव्हा मी एवढंच विचारते, "एकाला अख्खी तोर्तिया मिळाली का?" चौघांत तीनच आहेत, तर कुणाच्याही वाट्याला एकाहून जास्त येणार नाही. चूक तिची तिलाच दिसते.

मग आकृत्या आल्या. वर्तुळाचे दोन तृतीयांश, 'दोस तेर्थिओस', रंगवायचे होते. तिनं वर्तुळात दोन उभ्या रेघा मारल्या आणि तीन भाग झाले म्हणून दोन रंगवले. मधला पट्टा मात्र कडेच्या भागांपेक्षा खूपच मोठा झाला होता. त्याच दोन रेघा 'रेक्तांगुलो'त, म्हणजे आयतात, सारख्या अंतरावर मारल्या की तिन्ही पट्टे समान होतात. वर्तुळात रेघा मध्यबिंदूपासूनच निघायला हव्यात. उदाहरणात 'पार्तेस इग्वालेस', समान भाग, असं मुद्दाम लिहिलेलं असतं, तिकडे आमचं दोघींचंही लक्ष नव्हतं.

वर्तुळासाठी त्यांच्याकडे दोन शब्द आहेत. कडेची गोल रेघ ती 'थिर्कुन्फेरेन्थिआ' आणि आतल्या भागासकट सगळी चकती तो 'थिर्कुलो'. आपण बोलताना दोन्हींना वर्तुळच म्हणतो. मी तिला तव्याची कड बोटानं फिरवून दाखवली आणि मग त्यात मावणाऱ्या तोर्तियावर हात ठेवला. वाटणी या दुसऱ्याची होते.

मोठ्या छेदांची नावं सोपी निघाली. दहापर्यंत पाठ करायची, अकरापासून आकड्याला 'आबो' जोडायचा: 'ओन्थेआबो', 'दोथेआबो'. भाषेच्या वर्गात मी अकरावा मजला म्हणजे 'उन्देथिमो' असं शिकले होते, म्हणून अकराव्या भागालाही तेच सांगणार होते. तिनं मला आधीच थांबवलं.

परवा गृहपाठ संपवून तिनं घड्याळाकडे पाहिलं. 'लास सिएते मेनोस क्वार्तो', सातला पाव कमी. "आई, हे तर पावणेसात!" असं म्हणून तिनं तोर्तियांच्या चित्रांखाली घड्याळाचं वर्तुळ काढलं, मध्यबिंदूपासून रेघा मारून त्याचे चार भाग केले आणि बारा ते तीनमधला पाव तेवढा कोरा ठेवला.

मी म्हटलं, "तो कोरा पाव नऊ ते बारामध्ये हवा."

तिनं खोडरबर घेतलं.