आंब्याचा माच आणि मे महिन्याचे ऊन

मे महिन्यात माझ्या दवाखान्यात येणारी वृद्ध मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात, "डॉक्टर, आंबा खाऊ का?" प्रश्न पथ्याचा असतो. पण थोडे बोलते केले की अडचण पुष्कळदा निराळीच निघते. बाजारातला पिवळाधमक आंबा घरी कापला तर आत पांढरा आणि आंबट निघतो, आणि कच्चा आणून घरी पिकवावा तर तो सुरकुतून जातो. या दुसऱ्या अडचणीचा धडा मी माझ्याच घरात घेतला आहे, तो आज आपल्याला सांगते.

काही वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा बरीचशी गेली आणि गिळताना ठसका लागू लागला. तोवर दरवर्षी आंब्याचा माच त्याच घालीत. त्या उन्हाळ्यात ते काम माझ्याकडे आले. मी पाच किलो कच्चे बैंगनपल्ली आणले, मोजून चौदा फळे. पिकायला ऊब हवी, एवढेच मला ठाऊक होते. म्हणून टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर तणस पसरून ती फळे मी झाकून ठेवली. सहाव्या दिवशी पाहिले तर साल चामड्यासारखी आकसलेली, गर काही जागी मऊ, काही जागी कडक, आणि वास दारूसारखा. चौदातले अकरा आंबे फेकावे लागले. खाटेवरून सासूबाई सारे पाहत होत्या. त्यांनी डावा हात जमिनीकडे केला आणि कष्टाने एकच शब्द उच्चारला, "खाली."

त्या एका शब्दात सारे आले होते. आंबा पिकताना स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडतो आणि तोच वायू शेजारच्या फळांनाही पिकवतो. तणसाचे काम हा वायू फळांभोवती धरून ठेवण्याचे; जादा उष्णता देण्याचे नव्हे. आंबा उत्तम पिकतो तो साधारण २० ते २५ अंश तापमानात. आपल्या बल्लारपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांपर्यंत चढतो आणि टिनाखाली त्याहूनही अधिक. इतक्या उष्णतेत रंग व गोडी धरण्याआधीच फळ आतून बिघडते. इतरत्र माचाला ऊब द्यावी लागत असेल. आपल्याकडे त्याला उन्हापासून वाचवावे लागते.

तेव्हापासून मी माच घालते तो घराच्या मधल्या खोलीत, फरशीवर, भिंतीच्या कोपऱ्यात. कूलर त्या खोलीत चालतो, पण त्याचा ओला झोत माचावर येऊ देत नाही, कारण ओलीने बुरशी धरते. खाली कोरड्या तणसाचा चार बोटे थर, त्यावर एकमेकांना न टेकणारे आंबे, पुन्हा तणस, फार तर दुसरा थर, आणि वरून सुती कापड. तणस न मिळाल्यास भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका आणि वर्तमानपत्र चालते. प्लास्टिकची पिशवी मात्र नको. तिच्यात फळाला घाम फुटतो. घाई असेल तर एक-दोन पिकलेली केळी मध्ये ठेवावीत, त्यांचाही वायू कामी येतो. तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी माच उघडावा. पिकलेले फळ वेगळे काढावे, आणि देठाभोवती काळे कडे धरू लागलेले फळ लगेच बाहेर काढावे. ती सड शेजारच्या फळात पसरते.

अर्थात माच कितीही नीट घातला तरी कोवळा आंबा पिकत नाही, तो नुसता सुकतो. म्हणून कच्चा आंबा घेताना देठाकडे पाहावे. भरलेल्या फळाचे दोन्ही खांदे देठापेक्षा वर आलेले असतात आणि देठ खळग्यात बसलेला दिसतो. हिरवा रंगही थोडा फिका झालेला असतो. घरी आणल्यावर बादलीभर पाण्यात सोडून पाहावे: भरलेले फळ बहुधा बुडते, तरंगणारे बहुधा कोवळे असते. ते लोणच्याला किंवा पन्ह्याला ठेवावे. धुताना देठाशी असलेला चीक नीट काढावा. त्याने ओठांच्या कडांना फोड आलेले रुग्ण मी दर हंगामात पाहते.

पिकलेला आंबा घेताना रंगावर विसंबू नये. लंगडा पिकूनही हिरवाच राहतो, तर बैंगनपल्ली पिवळा होतो. नाक देठाजवळ न्यावे. तेथे गोड वास हवा. मग अंगठ्याच्या टोकाने नव्हे, तळव्याने हलकेच दाबावे. फळ किंचित दबले पाहिजे. सारी फळे एकसारखी पिवळी, तरी कडक आणि बिनवासाची असतील तर घेऊ नयेत. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यास कायद्याने बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचा अंश असू शकतो. मात्र नुसते पाहून कार्बाइडचे निदान होत नाही, हेही तितकेच खरे. म्हणूनच भरलेला कच्चा आंबा आणून घरी पिकवणे मला अधिक खात्रीचे वाटते.

आता कापण्याविषयी. पाटाखाली ओले फडके ठेवावे म्हणजे तो सरकत नाही. देठाकडचा पातळ काप काढून आंबा त्या सपाट बाजूवर उभा करावा. वरून पाहिल्यास फळ लांबट दिसते. चपटी कोय त्या लांबीच्या दिशेनेच असते. मधल्या रेषेपासून अर्धे बोट सोडून सुरी सरळ खाली उतरवावी. कोय खरखरली तर सुरी किंचित बाहेर घ्यावी. दोन्ही गाल असे निघाले की त्यांची साल पाटावर टेकवून, गरात उभ्या-आडव्या रेघा माराव्यात. साल कापू नये, आणि गाल तळहातावर धरून तर मुळीच कापू नये. थरथरत्या हाताला जखम होते ती येथेच. मग चमच्याने फोडी सोडवाव्यात. कोयीच्या कडेच्या दोन अरुंद पट्ट्या वेगळ्या कापाव्यात. सालीला व कोयीला उरलेला गर थोड्या पाण्यात चोळून काढला तर त्याचे सार होते.

ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांना पातळ रस देऊ नये. तो श्वासनलिकेकडे वळण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी गर पाणी न घालता चाळणीतून दाबून, दाट आणि बिनरेषांचा करावा. त्यांना ताठ बसवून छोटा चमचा भरवावा आणि एक घास गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्यावा. मधुमेह असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून, शंभर ग्रॅमच्या आसपास फोडी, म्हणजे एक छोटी वाटी, रसाऐवजी खाव्यात, आणि त्या जेवणातली पोळी किंवा भात त्या मानाने कमी करावा.

सासूबाईंच्या सांगण्यावरून खाली घातलेल्या दुसऱ्या माचातले पहिले दोन आंबे पाचव्या दिवशी तयार झाले. मी चाळलेला गर वाटीत घेऊन त्यांना चमच्या-चमच्याने भरवला. ठसका लागला नाही. वाटी संपल्यावर त्यांनी डाव्या हाताने कोपऱ्यातल्या माचाकडे बोट दाखवले. उरलेले आंबे तपासायची वेळ झाली होती.