रक्ताच्या रिपोर्टाचा ताळा

मी बी.कॉम. झालेला साधा कारकून. उभे आयुष्य खतावणी आणि व्हाउचरमध्ये गेले. डॉक्टरकीतले मला काही कळत नाही, असे मी वर्षानुवर्षे म्हणत आलो. पण दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या रक्ताचा रिपोर्ट हातात आला आणि लक्षात आले, की हासुद्धा आकड्यांचा तक्ताच आहे. तो नीट वाचला नाही तर हिशेब चुकतो आणि त्याची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागते. मुलीची आणि जावयाची परवानगी घेऊनच हे लिहितो आहे.

मुलगी तेव्हा एकवीस वर्षांची होती. दिवसा नोकरी, रात्री अभ्यास. थकवा येतो म्हणाली, म्हणून घराजवळच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी रक्ताची नेहमीची तपासणी सांगितली, जिला सी.बी.सी. म्हणतात. संध्याकाळी रिपोर्ट आला. कागदावर चार रकाने. पहिल्यात तपासणीचे नाव, दुसऱ्यात आलेला आकडा, तिसऱ्यात 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' अशी मर्यादा आणि चौथ्यात खूण. मर्यादेपेक्षा कमी असेल तर 'एल', जास्त असेल तर 'एच', नाहीतर रकाना कोरा. हिमोग्लोबिन ११.०, मर्यादा १२ ते १५, पुढे ठळक 'एल'. खाली आणखी चार ठिकाणी 'एल' आणि एका ठिकाणी 'एच'.

घरात सगळ्यांचे डोळे पहिल्या ओळीवरच थांबले. "रक्त कमी आहे पोरीचं," माझी पत्नी म्हणाली. डॉक्टरांनीही तेच म्हटले आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे सुरू झाले. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन ११.१! मी पोरीवर रागावलो, "गोळ्या खिडकीतून फेकतेस की काय?" ती रडकुंडीला आली. म्हणाली, "पप्पा, एकही गोळी चुकवली नाही मी."

आमच्या वस्तीतल्या आरोग्य शिबिरात दरवर्षी एक लॅब टेक्निशियन ताई येतात. त्यांच्यापुढे मी दोन्ही कागद ठेवले. त्यांनी पहिली ओळ पाहिलीच नाही. बोट सरळ त्या एकुलत्या एक 'एच'वर ठेवले. "भाऊ, ही खूण तुम्ही वाचलीत का?"

ती ओळ तांबड्या पेशींच्या संख्येची होती, आर.बी.सी. काउंटची. आकडा ५.६, म्हणजे एका घन मिलिमीटर रक्तात ५६ लाख पेशी. बायकांची छापील मर्यादा ३८ ते ४८ लाख. म्हणजे रक्त 'कमी' म्हणावे, तर पेशी उलट जास्तच! त्याखाली एम.सी.व्ही., म्हणजे एका पेशीचे सरासरी आकारमान. ते ६४, मर्यादा ८३ ते १०१. पेशी पुष्कळ, पण लहान लहान.

ताईंनी मला माझ्याच भाषेत समजावले. या ओळी सुट्या नसतात, एकमेकींना बांधलेल्या असतात. पेशींची संख्या गुणिले पेशीचे आकारमान, भागिले दहा, की रक्तातला पेशींचा वाटा निघतो. ५.६ गुणिले ६४ म्हणजे ३५८.४, भागिले दहा ३५.८. रिपोर्टात त्या ओळीपुढे ३५.८च होते. ताळा जुळला! मग त्या म्हणाल्या, "लोह कमी पडलं की शरीराला पेशी बनवायला माल पुरत नाही. पेशी लहान होतात आणि त्यांची संख्याही सहसा घटते. इथं पेशी लहान आहेत, पण संख्या वाढलेली आहे. दोन्ही खुणा एकत्र वाचा."

यावर एक सोपा भागाकार आहे. एम.सी.व्ही.ला पेशींच्या संख्येने भागायचे. उत्तर तेराच्या वर आले, तर संशय लोहाच्या कमतरतेचा. तेराच्या खाली आले, तर थॅलेसेमियाच्या वाहकाचा. मुलीचे उत्तर ११.४ आले. शिबिरातल्याच दुसऱ्या एका बाईंच्या रिपोर्टात एम.सी.व्ही. ७२ आणि पेशी ४.१ होत्या. भागाकार साडेसतराच्या पुढे. त्यांचे हिमोग्लोबिन मुलीपेक्षाही कमी, ९.२ होते, पण लोहाच्या गोळ्यांनी ते भराभर वाढले. लोहाची उणीव असेल, तर महिन्याभरात साधारण एक ग्रॅम तरी वाढ दिसावी लागते. तीन महिन्यांत न वाढलेले हिमोग्लोबिन हीच मोठी खूण होती, आणि ती कोणत्याच रकान्यात छापलेली नव्हती.

हा भागाकार म्हणजे निकाल नव्हे, हेही ताईंनी बजावले. तो फक्त दिशा दाखवतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, तेव्हा भागाकार फसतो. खात्रीसाठी दोन तपासण्या लागतात. फेरिटिन शरीरातला लोहाचा साठा सांगते आणि एच.पी.एल.सी. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवते. मुलीचे फेरिटिन व्यवस्थित निघाले. म्हणजे लोह कमी नव्हतेच. एच.पी.एल.सी.त हिमोग्लोबिन ए-टू नावाचा प्रकार ५.२ टक्के आला. तो साडेतीन टक्क्यांच्या वर गेला, की बीटा थॅलेसेमियाचा वाहक मानतात. मुलगी आजारी नव्हती, वाहक होती. थकवा जागरणाचा होता. लहान पेशी हा तिचा जन्मजात बांधा. लोह कमी नसताना गोळ्या गिळून तो बदलणार नव्हता.

मुलीत हे आले, म्हणजे आम्हा दोघांपैकी एकाकडून आले. पत्नीचा रिपोर्ट साफ होता. मग मी कपाटातली ऑफिसच्या वार्षिक तपासणीची फाइल काढली. २०१६, २०१९, २०२२. तिन्ही वेळा हिमोग्लोबिन १३च्या थोडे वर, म्हणून पुढे खूण नाही. तिन्ही वेळा एम.सी.व्ही. ६५-६६, पुढे 'एल'. ऑफिसात खर्चाची एक ओळ तीन वर्षे तशीच तांबड्या शाईत राहिली असती, तर मी खुलासा मागितला असता. स्वतःच्या रक्ताबाबत मात्र पहिली ओळ पाहून फाइल बंद केली. पोरीवर उगाच रागावलो होतो. तिची माफी मागितली.

आता त्या खुणेविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर वाचक उगाच घाबरतील. ही मर्यादा कशी ठरते? निरोगी माणसांचे आकडे गोळा करतात आणि मधली शंभरातली पंचाण्णव माणसे ज्यात बसतील, ती मर्यादा छापतात. म्हणजे शंभरातली पाच निरोगी माणसे मुळातच बाहेर राहतात. निरोगी माणसाच्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर कुठेतरी एखादी खूण उमटण्याचीच शक्यता जास्त. मशीन आकडा आणि मर्यादा ताडून पाहते आणि खूण टाकते. बाकी त्याला काही कळत नाही. मर्यादेच्या काठावरचा एकटा 'एल' आणि फार खाली गेलेला, प्रत्येक रिपोर्टात येणारा, दुसऱ्या ओळीशी नाते सांगणारा 'एल' यांचे वजन सारखे नसते. छापलेले अक्षर मात्र एकच असते.

पुढच्या वर्षी मुलीची सोयरीक जुळत आली. मुलगा नागपूरकडचा, शिकलेला, स्वभावाने गोड. नातेवाईक म्हणाले, "कशाला सांगता? पोरीत खोट आहे असं म्हणतील." मुलगीच ठाम राहिली. तिने मुलाला स्वतः सांगितले आणि तपासणी करून घ्यायला सांगितले. मुलाने आपला सी.बी.सी. रिपोर्ट आणून दाखवला. चौथा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. त्याचे वडील हसून म्हणाले, "पाहा, आमच्या मुलाला एकही खूण नाही!"

ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "भाऊ, तक्त्यात जी ओळच नाही, तिच्यापुढे खूण कुठून येणार? एच.पी.एल.सी. करून घ्या."

ती केली. मुलाच्या रक्तात हिमोग्लोबिन एस ३६ टक्के निघाले. तो सिकल सेलचा वाहक होता. विदर्भातल्या आपल्या समाजाला हे नाव नवे नाही, कितीतरी घरांनी त्याच्या वेदना पाहिल्या आहेत. पण वाहकाला बहुधा काही त्रास नसतो आणि त्याचा सी.बी.सी. सहसा साफच येतो. खुणांनी भरलेला रिपोर्ट माझ्या मुलीचा आणि कोरा त्या मुलाचा. दोघेही निरोगी, दोघेही वाहक.

दोन वेगळे दोष म्हणजे काळजी नाही, असे मला वाटले होते. तेही चुकीचे निघाले. आईकडून थॅलेसेमियाचा आणि वडिलांकडून सिकलचा दोष एकाच बाळात आला, तर बाळाला सिकल-थॅलेसेमिया होतो आणि तो तीव्र असू शकतो. प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक. चारात दोन वेळा बाळ कोणत्या तरी एका दोषाचे वाहक आणि चारात एक वेळा दोन्हींपासून मुक्त. पहिले बाळ निरोगी झाले म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही. दर वेळी हिशेब पहिल्यापासून.

दोघे समुपदेशकाकडे गेले. आम्ही वडीलधारे बाहेरच्या बाकावर बसलो. आत त्यांना सांगण्यात आले, की गरोदरपणाच्या अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा बारीकसा नमुना घेऊन बाळाची तपासणी करता येते. पण त्याआधी आई-वडिलांच्या रक्तातला नेमका जनुकीय बदल शोधून ठेवावा लागतो. म्हणून दिवस राहण्यापूर्वीच तयारी हवी. तासाभराने दोघे बाहेर आले. निर्णय त्यांचा होता. मागच्या वर्षी त्यांचा मंगल परिणय झाला. जनुकांच्या तपासणीचे कागद त्यांनी आधीच करून ठेवले आहेत.

वस्तीतल्या शिबिरात आता मी रिपोर्ट वाटायला बसतो तेव्हा तीन गोष्टी विचारतो. एम.सी.व्ही.पुढे 'एल' आणि पेशींच्या संख्येपुढे 'एच' एकत्र आहेत का? मागचा रिपोर्ट घरी असेल तर तोच आकडा तेव्हाही होता का? आणि घरात लग्नाचे मूल असेल तर, खुणा असोत की रकाना कोरा असो, एच.पी.एल.सी. झाली आहे का? उत्तरावर मी औषध सांगत नाही, तो माझा अधिकार नाही. रिपोर्टावर पेन्सिलीने गोल करतो आणि डॉक्टरांकडे पाठवतो.

परवा एक तरुण कोरा रकाना दाखवून निघाला होता. त्याला परत बोलावून मी विचारले, "लग्न ठरलंय का रे?" तो लाजला. त्याला एच.पी.एल.सी.ची चिठ्ठी लिहून द्या, असे मी डॉक्टरांना सांगितले.