सीटी स्कॅनमधला काळा डाग आणि पांढरा डाग

डोक्याच्या सीटी स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरून ‘डॉक्टर, हा काळा डाग म्हणजे रक्तस्राव ना?’ असा प्रश्न जेसल पार्कमधील माझ्या दवाखान्यात नेहमी विचारला जातो. वस्तुस्थिती बहुधा नेमकी उलट असते.

क्ष-किरण जिथे अधिक अडतात, तो भाग फिल्मवर पांढरा उमटतो. पाणी शून्य धरले, तर मेंदू सुमारे ३० ते ४० एकके आणि गोठलेले ताजे रक्त ६० ते ८० एकके भरते. हा पांढरेपणा रक्तातील लोहामुळे येतो असा समज आहे. खरे कारण हिमोग्लोबिनमधील प्रथिनांची दाटी. याउलट, जुन्या पक्षाघातात मृत झालेला भाग शरीर काही आठवड्यांत साफ करते, तिथे पोकळी उरते आणि पाण्यासारखा द्रव साठतो. म्हणून तो डाग काळा.

खाडीजवळ राहणाऱ्या ७४ वर्षांच्या एका काकांचे उदाहरण घ्या. जुन्या पक्षाघाताने त्यांचा डावा हात अधू होता व अ‍ॅस्पिरिन चालू होते. एके सकाळी एकाएकी उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. रुग्णालयातून मुलाने मला फिल्म दाखवली, तेव्हा त्याचे बोट मोठ्या काळ्या डागावर होते. तो मेंदूच्या उजव्या बाजूस, म्हणजे फिल्मवर आपल्या डाव्या हाताला होता. त्याची कड रेखीव होती आणि शेजारची पाण्याची पोकळी त्याच्याकडे ओढली गेली होती. हा जुना व्रण. दुसऱ्या बाजूस, खोलवर, लिंबाहून लहान पांढरा गोळा होता. भोवती सुजेची काळसर किनार, पोकळी चेपलेली, मधली रेषा किंचित सरकलेली. जुनी इजा ओढते, नवे रक्त ढकलते. गोळा पाहताच तिथल्या डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन थांबवले आणि रक्तदाब उतरवण्यास सुरुवात केली. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन अशा वेळी घातकच.

मात्र केवळ रंगावर विसंबता येत नाही. एक ते तीन आठवड्यांत सांडलेले रक्त मेंदूसारखेच करडे होते, पुढे काळे पडते. त्यामुळे काही आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात घसरलेल्या आजींच्या कवटीखालचे रक्त कधीकधी केवळ मेंदू ढकलला गेल्यामुळेच ओळखू येते. तीव्र पांडुरोगात ताजे रक्तही फिकट दिसते. वयोमानाने साठलेले कॅल्शियमही पांढरे असते, पण ते कशालाही ढकलत नाही.

आणखी एक. रक्तवाहिनी तुंबून झालेल्या पक्षाघातात पहिल्या काही तासांची फिल्म अगदी स्वच्छ असू शकते. रुग्णाचे तोंड वाकडे असताना ‘स्कॅन नॉर्मल आहे’ म्हणून त्याला घरी आणू नका.

जुन्या फिल्म रद्दीत घालू नका. नव्या डागाशेजारी ठेवून पाहायला त्या लागतात.