पाइप कोणत्या महिन्यासाठी?

जालन्यात राहून डोंगरी ओढ्यावरच्या वीजसंचांचं काम करतो म्हटलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग आभाळाकडे. त्यांचं बरोबरच आहे. आमच्या जिल्ह्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. उत्तरेला भोकरदनच्या बाजूने अजिंठ्याच्या रांगेचे फाटे येतात खरे, पण तिथले ओढे दिवाळीनंतर दम धरत नाहीत. ओढे आहेत ते सह्याद्रीत, माझी शेड मात्र इथे एमआयडीसीत, कारण पोलाद इथे आहे. रोलिंग मिलच्या गावात प्लेट वाकवणारा, शाफ्ट टर्न करणारा, रात्री दहालाही दार उघडणारा वेल्डर मिळतो. टर्बाइन इथे होतं, टेम्पोत बसतं आणि पाण्यापाशी जातं.

गेल्या वर्षभरात माझा उजवा हात थरथरायला लागला. फिटरच्या हाताला हे होतंच. पण रनरचं पातं डिस्कच्या खाचेत बसवून टाका मारताना अर्धा मिलिमीटरही सरकून चालत नाही, तेव्हा ते काम आता डिप्लोमा करून आलेली एक मुलगी करते. तिचा टाका माझ्या तरुणपणीच्या टाक्यापेक्षा सरळ आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. आणि तिच्याच एका प्रश्नामुळे मी हे लिहायला बसलो.

काम चंदगड तालुक्यातल्या एका वाडीचं होतं. ओढ्यापासून पॉवरहाउसच्या जागेपर्यंत ३८ मीटर उंची आणि उतारावरून १६० मीटर पाइप. पावसाळ्यात पाणी हवं तेवढं. आम्ही ४० लिटर सेकंदाला धरलं होतं. नेहमीप्रमाणे कागदावर पाइपचे तीन व्यास मांडून मी घर्षणात जाणारी उंची काढत होतो. ती शेजारी उभी राहून बघत होती. म्हणाली, "काका, हा पाइप कोणत्या महिन्यासाठी?"

असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

तो कागद इथे पुन्हा मांडतो. ४० लिटर पाणी १५० मिलिमीटरच्या लोखंडी पाइपातून खाली येताना साधारण साडेपाच मीटर उंची भिंतीशी घासून जाते. २०० च्या पाइपात तोच तोटा सव्वा मीटरच्या जरा वर येतो आणि २५० च्या पाइपात अर्ध्या मीटरच्याही आत. व्यासाच्या पाचव्या घाताने तोटा घटतो, म्हणून पहिल्या पायरीला एवढा फरक पडतो. चार मिलिमीटर जाडीचा पत्रा धरला तर १५० च्या पूर्ण लाइनचं वजन २.४ टन, २०० चं ३.२ आणि २५० चं ४. म्हणजे प्रत्येक पायरीला सारखंच ८०० किलो लोखंड वाढतं. टर्बाइन, पट्टा आणि जनरेटर मिळून पाण्यातली निम्मी शक्ती तारेत येते असं धरलं, तर पहिल्या ८०० किलोंनी साडेआठशे वॉट मिळतात. दुसऱ्या ८०० किलोंनी जेमतेम पावणेदोनशे. त्यामुळे २५० बाद, २०० पक्का. मी आयुष्यभर हिशोब इथेच थांबवत आलो.

आता तिचा महिना घाला. फेब्रुवारीत त्या ओढ्यावर व्ही-नॉचची फळी लावली तेव्हा खाचेत पंधरा सेंटिमीटर पाणी होतं, म्हणजे १२ लिटर. घर्षणाचा तोटा प्रवाहाच्या वर्गाने बदलतो. १२ लिटरला १५० च्या पाइपातला तोटा अवघा अर्धा मीटर आणि २०० च्या पाइपातला बारा सेंटिमीटर. विजेत मोजलं तर फरक वीस-बावीस वॉटचा. पावसाळ्यात साडेआठशे वॉट देणारं तेच ८०० किलो लोखंड फेब्रुवारीत एका एलईडी बल्बापुरतं उरतं. आणि ते लोखंड वाडीतल्या माणसांनी खांद्यावरून डोंगरात चढवायचं असतं.

मग पाइप बारीकच घ्यावा का? तसंही नाही, आणि याच जागी मी अडकतो. पावसाळ्यात झाडं पडून महावितरणची लाइन दिवसेंदिवस बंद असते, तेव्हा त्या वाडीला आपल्या संचाची खरी गरज असते. शिवाय एकाच पाइपातून जास्तीत जास्त शक्ती कधी मिळते याला हद्द आहे. घर्षणात एकूण उंचीचा तिसरा हिस्सा गेला की त्यापुढे पाणी वाढवलं तरी शक्ती घटते. या जागी १५० च्या पाइपात ती हद्द ६० लिटरच्या आसपास येते. जुलैत ओढा भरून वाहतोय म्हणून ऑपरेटर व्हेन पूर्ण उघडतो आणि दिवे मंदावतात. तो म्हणतो टर्बाइन बिघडलं. टर्बाइनला काही झालेलं नसतं. टर्बाइनच्या अलीकडचा प्रेशर गेज बघावा: झडप बंद असताना तो इथे ३.८ दाखवतो, आणि चालू असताना अडीचच्या खाली गेला असेल तर झडप थोडी मिटवायची. दिवे उजळतात.

खरा पेच मात्र जुलैचाही नव्हता आणि फेब्रुवारीचाही नव्हता. तो नोव्हेंबरचा होता. भात कापून झालेलं असतं आणि वाडीला भात भरडायची गिरणी चालवायची असते. तेव्हा ओढ्यात २८ लिटरच्या आसपास पाणी असतं. १५० च्या पाइपात पावणेतीन मीटर उंची जाते, २०० मध्ये पाऊण मीटरसुद्धा नाही. फरक तीनशे वॉटच्या घरात. दिव्यांच्या हिशोबात हे काही फार नाही, पण गिरणीची मोटर सुरू होताना धापा टाकते की उचलून धरते, हे अशा तीनशे वॉटवर ठरतं. मी बाजारात १७५ शोधला. १५० च्या वर सहज मिळतो तो थेट २००. आपल्याच शेडमध्ये प्लेट वाकवून केला असता, तर वेल्डिंगच्या शिवणीची लांबी बघून मुलीनेच नको म्हटलं. तिचं मत १५०, माझं २००. गिरणीमुळे २०० ठरला. पाइप एकदा डोंगरावर बसला की पुढच्या पिढीपर्यंत रुंद होत नाही, हे माझं दुसरं कारण. ते तिने मान्य केलं की वयाकडे बघून सोडून दिलं, मला माहीत नाही.

टर्बाइनबद्दल मात्र मला माझ्या मनाशीच भांडावं लागलं. माझा जीव पेल्टनमध्ये आहे. मधोमध धारेची कड असलेली ती जोडवाटी, तिच्यावर फवारा आदळून दोन्हीकडे वळतो आणि वेग टाकून खाली गळतो; ते बघताना मला स्वतःचा फार अभिमान वाटतो. कुणी शेडमध्ये आलं की मी आधी पेल्टनच्या वाट्याच दाखवतो, पॉलिश केलेल्या. क्रॉसफ्लो म्हणजे दोन डिस्क आणि त्यांच्यामध्ये पाइप उभा चिरून केलेली पाती. ती बघून कोणी तोंडात बोट घालत नाही.

पण पेल्टनला उंची लागते. टाटांनी १९१५ साली खोपोलीत घाटावरून पाणी उतरवलं तेव्हा त्यांच्याकडे पाचशे मीटरच्या वर उंची होती. कोयनेचं पोफळीतलं डोंगराच्या पोटातलं वीजघर पेल्टनवर चालतं तेही अशाच उंचीच्या जोरावर. ३८ मीटरला फवाऱ्याचा वेग सेकंदाला २६ मीटरच भरतो. ४० लिटर एकाच नोझलमधून सोडायचे तर फवारा ४४ मिलिमीटर जाड होतो, चाक त्याच्या दहापट म्हणजे ४४० मिलिमीटरचं लागतं, आणि ते मिनिटाला साडेपाचशेच्या आत फिरतं. जनरेटरला पंधराशे हवेत. चार नोझल केली तर चाक निम्मं होतं, फेरे हजारावर जातात आणि उन्हाळ्यात तीन नोझल बंद ठेवून एकावर उत्तम चालवता येतं. पण मग चार फांद्यांची पाइपजोडणी, चार झडपा आणि २२ मिलिमीटरची चार तोंडं. त्या जंगलात जांभळीची पानं बाराही महिने गळतात.

क्रॉसफ्लोही मुळात इम्पल्सचाच भाऊ. पाणी पात्यांमधून आत शिरतं, पोकळीतून पलीकडे जातं आणि पुन्हा पात्यांमधूनच बाहेर पडतं. पहिल्या वेळी बहुतेक शक्ती देतं, दुसऱ्या वेळी उरलेली. आत जाताना पात्याच्या कडेला चिकटलेलं पान बाहेर पडणारं पाणी उलट्या बाजूने ढकलून काढतं. मिचेल, बांकी आणि ओसबर्गर या तिघांच्या हातून हे यंत्र आकाराला आलं. पेल्टनइतकी कमाल कार्यक्षमता याला नाही, पण २०० मिलिमीटरचा रनर या उंचीला बाराशे फेऱ्यांच्या आसपास फिरतो आणि पट्टा सुखात राहतो.

राहिला फेब्रुवारी. साधा क्रॉसफ्लो तिसऱ्या हिश्श्याच्या पाण्यावर मरगळतो. व्हेन थोडीच उघडली की पाण्याची चादर पातळ होते आणि पात्यावर वाकडी पडते. यावरचा उपाय ओसबर्गरचाच आहे: व्हेनचे दोन भाग, एकास दोन. आमचा रनर ८० मिलिमीटर रुंद. आम्ही २७ वर मधली डिस्क बसवली. लहान कप्पा भरून चालला की तेरा लिटर घेतो, मोठा सव्वीस-सत्तावीस. लहान कप्पा उन्हाळ्याचा, मोठा नोव्हेंबरचा, दोन्ही मिळून पावसाळ्याचे. ओढ्याचे तीन आकडे आणि रनरचे कप्पे असे एकमेकांवर बसले तेव्हा पेल्टनची ओढ पहिल्यांदा थोडी सैल झाली. मधल्या डिस्कमुळे पात्याला आधारही मिळाला. प्रत्येक फेरीत पात्यावर दोनदा मार बसतो आणि वेल्डच्या मुळाशी तडा जातो. तो डोळ्याला दिसण्याआधी कानाला कळतो: रनर हाताने फिरवत प्रत्येक पात्यावर छोटी हातोडी टेकवायची, तडकलेलं पातं बद्द वाजतं.

बाजारात तयार संच विकणारे आता बरेच झालेत. पाटीवर पाच किलोवॅट लिहिलेलं असतं. त्यासोबत ऊसशेतीतला काळा पाइप, जो मिळेल त्या व्यासाचा. काही जण पाण्याचा पंप उलटा फिरवून देतात. पंप उलटा चालतो, स्वस्तही पडतो, पण एकाच प्रवाहाला. ओढा निम्म्यावर आला की तो गप्प होतो. हे विकणारे ओढा बघतात तो ऑगस्टमध्ये, कारण तेव्हा गिऱ्हाईक खुशीत असतं. मीही उद्घाटनं पावसाळ्यातच लावत आलो. मीटरवर मोठा आकडा दिसला की मला बरं वाटायचं, फोटो निघायचे. यंदाचं उद्घाटन आम्ही नोव्हेंबरात केलं, गिरणीवर. आकडा पाच किलोवॅटच्या जवळचा होता.

संच दिल्यावर ऑपरेटरला मी आता दोनच गोष्टी शिकवतो आणि दोन्ही गेजवरच्या आहेत. दिवे मंद आणि काटा नेहमीपेक्षा खाली व थरथरत असेल तर वर जा: जाळीवर पानं बसलीत, टाकीची पातळी उतरलीय, पाइपात हवा शिरतेय. दिवे मंद पण काटा नेहमीपेक्षा वर असेल तर खालीच थांबा: अडकलं आहे ते व्हेनच्या तोंडाशी. पाणी पुढे सरकत नाही म्हणून घर्षण होत नाही आणि दाब वाढलेला दिसतो. आणि व्हेन मिटवायची ती सावकाश. या लांबीच्या पाइपात अर्ध्या सेकंदाच्या आत झटक्याने बंद केली तर धक्का थेट शिवणीवर येतो.

ज्यांच्या जागेत बारमाही ओढा आहे, त्यांना एक विनंती. टर्बाइनची किंमत विचारायला फोन कराल तेव्हा आधी सरळ पत्र्यात नव्वद अंशांची खाच कापून ओढ्यात आडवी लावा. खाचेत पाणी किती सेंटिमीटर चढलं ते नोव्हेंबरात, फेब्रुवारीत आणि एप्रिलच्या शेवटी लिहून ठेवा. पट्टी खाचेजवळ धरू नका. फळीपासून वरच्या अंगाला चार हात मागे, पाणी संथ असेल तिथे धरा. ते तीन आकडे हातात नसतील तर मी पाइपचा व्यास सांगणार नाही, आणि माझ्याकडे काम शिकणारी मुलगीही सांगणार नाही.