मनू, म्हणीचा फोटो काढताना

चि. मनू हिस,


तुझे फोटो मिळाले. सुट्टीत आलीस तेव्हा गावोगावच्या शाळांच्या कुंपणभिंतींवर रंगवलेल्या म्हणी टिपल्यास. आता त्यांची कार्डं करून तिकडच्या रविवारच्या मराठी वर्गात वापरायचं तुझ्या मनात आहे. कल्पना चांगली आहे. पण 'मामा, प्रत्येकीखाली एका ओळीत अर्थ लिहून द्या' म्हणतेस, तिथे मी अडलो. 'अतिरेक करू नये' ही ओळ तुझ्या निम्म्या फोटोंखाली चालेल. मग पोरांनी म्हण कशाला शिकायची, तेवढी ओळच पाठ करावी. त्यापेक्षा म्हण जिथे घडते ती जागा सांगतो. जमलं तर फोटोही तिथलाच लाव. माझी उदाहरणं उसाकडे झुकतील. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात नोकरी केलेल्या माणसाकडून दुसरं काय येणार?

पहिला फोटो त्याच पिकाचा आहे: 'ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये.' भिंतीवर चित्रकाराने ऊस चावणारा एक गुटगुटीत मुलगा काढलाय. आता एक करून बघ. पिकलेल्या उसाचा शेंडा चाव आणि मग बुडखा चाव. शेंडा पाणचट लागेल, बुडखा सगळ्यात गोड. साखर खालून वर भरत येते. ऊस खाणारा माणूस म्हणूनच खाली खाली जातो आणि नेमक्या सर्वांत गोड ठिकाणी मूळ लागतं. म्हण तिथे 'थांब' म्हणते. सुरुवातीलाच हात आखडायला ती सांगत नाही.

थांबायचं का, ते फडात कळतं. एकदा लागण केली की पहिल्या तोडीनंतर त्याच बुंध्यांतून नवे फुटवे येतात. त्या पिकाला खोडवा म्हणतात, त्याच्या पुढच्याला निडवा. खोडव्याला नांगरट नको, बेणं विकत आणायला नको, आणि तो लागणीपेक्षा लवकर तयार होतो. म्हणजे मूळ जमिनीत राहिलं तर पुढच्या वर्षीचं पीक आताच रानात आहे. आम्ही टोळीवाल्यांच्या मागे लागायचो ते मात्र उलट कारणासाठी. कोयता जमिनीलगत चालला पाहिजे. तोडणारा वाकून दमला की बोटभर, वीतभर बुडखा वर ठेवतो. त्यात सगळ्यात गोड कांडं रानातच राहतं, आणि वरच्या डोळ्यांतून फुटलेल्या कोंबांची मुळं जमिनीत नीट जात नाहीत, खोडवा कमकुवत येतो. तेव्हा वर सोडलं तरी तोटा आणि उपटलं तरी तोटा. मातीच्या रेषेवर कापायचं. या म्हणीचा फोटो काढायचा तर तोडणीनंतरच्या रानाचा काढ: पाचट बाजूला सारलेलं, मातीलगत कापलेले गोल बुडखे आणि शेजारी एखादा हिरवा कोंब.

म्हण वापरतात ती माणसाबद्दल. आमच्या शिवारात एकाने उन्हाळ्यात शेजाऱ्याला आपल्या विहिरीचं पाणी दिलं. एका पाणीपाळीपुरतं, तेही पैसे न घेता. शेजाऱ्याने पुढच्या पाळीला विचारलंच नाही, मोटार चालू केली. मग त्याने वरचं रानही त्याच पाण्यावर भिजवायला काढलं. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसला, दोघांचीही पिकं वाळली आणि दुसऱ्या वर्षी विहिरीच्या पेटीला कुलूप लागलं. तेव्हा चावडीवर एक म्हातारा ही म्हण बोलला. शेजाऱ्याने पाणी घेतलं यात काही वावगं नव्हतं. पुढच्या वर्षी पुन्हा मागता येईल एवढी जागा त्याने ठेवली नाही.

दुसरा फोटो: 'दुष्काळात तेरावा महिना.' मागे भेगाळलेली जमीन रंगवली आहे. मला विचारशील तर इथे भिंतीवरच्या कालदर्शिकेचा फोटो हवा, ज्या पानावर 'अधिक' असं छापलेलं असतं त्या पानाचा. आपलं चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५चं. दरवर्षी अकरा दिवस मागे पडतात. ते साठून साधारण ३२-३३ महिन्यांनी एक जादा महिना धरावा लागतो, नाहीतर दिवाळी सरकत सरकत भर पावसाळ्यात येईल. आता पोरं विचारतील की पंचांगात महिना वाढला म्हणून पाऊस लांबतो का? मुळीच नाही. पाऊस सूर्याच्या हिशोबाने येतो. लांबतं ते माणसांचं देणंघेणं. सालगडी पाडव्यापासून पाडव्यापर्यंत ठरतो. अशा वर्षी ठरल्या पैशांत त्याला तेरा महिने राबावं लागतं. महिन्याच्या बोलीने ज्याचं देणं आहे, त्याच्या मानेवर एक हप्ता जास्त. आणि वर जावई! अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, ३३ अनारशांचं वाण द्यायचं. तुझ्या आजीने तुझ्या बाबांना दिलेलं ताट तुझ्या आईकडे अजून असेल.

हे सगळं एकत्र आलेलं बघायचं असेल तर २०१५ साल घे. त्या वर्षी अधिक आषाढ आला, १७ जून ते १६ जुलै. मराठवाड्यात पेरण्या झाल्या आणि जुलैत पावसाने ओढ दिली. उगवलेलं करपलं, दुबार पेरणीला पुन्हा बियाणं आणायचं, पुन्हा खत. आणि त्याच दिवसांत लेक-जावई धोंड्याला यायचे. नाही म्हणायची सोय नाही. पुढे एप्रिल २०१६ मध्ये लातूरला आमच्या मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं, ते तू वाचलं असशील. एरवी साजरा करायचा महिना नेमका नको त्या वर्षी दारात येतो, हे या म्हणीचं दुखणं आहे. नुसतं 'संकटावर संकट' म्हटलं की त्यातला जावई निघून जातो, आणि मग राहिलं काय!

तिसऱ्या फोटोवर फार थांबत नाही. 'आयत्या बिळात नागोबा'साठी तू गारुड्याच्या टोपलीतला नाग जोडला आहेस, तो काढून टाक. नागाला बीळ खणता येत नाही. बीळ उंदराचं असतं, नाहीतर वाळवीने उठवलेलं वारूळ. उसाच्या रानात गोडीला उंदीर येतात, उंदरांमागे नाग येतो, आणि पुष्कळदा घरमालकाला खाऊनच घरात राहतो. एवढं कळलं की ही म्हण नुसत्या आळशाबद्दल नाही हे मुलांना आपोआप समजेल. दुसऱ्याने वर्षभर खपून उभी केलेली भिशी किंवा वाचनालय ऐनवेळी अध्यक्ष म्हणून बळकावणारा माणूस त्यांनी तिकडच्या मंडळातही पाहिला असेल. नाव घ्यायची गरज नाही.

'शितावरून भाताची परीक्षा' ही भिंतीवर सगळ्यात सुबक रंगवली आहे, पण तिच्याशी माझं जरा वाजतं. भाताच्या पातेल्यात ती बरोबर आहे. पाणी खळखळ उकळत असतं, सगळी शितं त्यात वरखाली होतात, म्हणून एक शीत दाबून बघितलं की सगळ्यांचं कळतं. पण पाणी आटलं, जाळ एका बाजूला झाला, तर तळाचा भात लागतो आणि वरचा कच्चा राहतो. मग कुठलं शीत उचललंस यावर उत्तर ठरतं. उसाची तर गोष्टच सोडून दे. तोडीच्या आधी ऊस पिकला का हे बघायला आम्ही छोटी दुर्बीण घेऊन जायचो. उसाच्या रसाचा थेंब काचेवर टाकून डोळ्याला लावली की ब्रिक्सचा आकडा दिसतो. शेतकरी हमखास बांधाकडचा, भरपूर ऊन मिळालेला जाड ऊस तोडून हातात द्यायचा. त्यात आकडा छान यायचा. आत शिरून मधला, दाटीत वाढलेला, पाटाजवळचा असे ऊस घेतले आणि प्रत्येकाचा बुडखा, मधलं कांडं, शेंडा वेगवेगळा पाहिला, की खरं काय ते दिसायचं. शेंड्याचा आकडा बुडख्याच्या जवळ आला तर पिकला. फरक मोठा असला तर अजून थांबायचं. तेव्हा या कार्डावर मुलांना एक प्रश्न लिही: तुमच्या पातेल्यातलं पाणी ढवळलं गेलंय का? एका मुलावरून आख्ख्या शाळेबद्दल बोलणाऱ्यालाही हाच प्रश्न विचारता येतो.

राहिलं 'तेल गेले, तूप गेले, हाती राहिले धुपाटणे.' हिच्यासाठी आधी धुपाटण्याचाच फोटो हवा, कारण तिकडे कुणी ते पाहिलेलं नसणार. वर धूप घालायला वाटी, खाली बुडाला उलटी खोलगट बैठक. गोष्टीतला भोळा मनुष्य ते घेऊन बाजारात गेला. वरच्या वाटीत तेल घेतलं. तूप कशात घेऊ म्हणून धुपाटणं उलटं केलं, तेल सांडलं. बैठकीत तूप घेतलं. घरी 'तेल कुठाय?' विचारल्यावर दाखवायला पुन्हा सुलटं केलं. तूपही गेलं.

असंच आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याचं झालं, नाव कळवत नाही. कारखान्याची तोड त्याच्या फडावर आली तेव्हा म्हणाला, गुऱ्हाळवाला टनाला जास्त देतोय, थांबतो. टोळी पुढच्या रानात गेली. महिन्याने गुळाचा भाव पडला, गुऱ्हाळवाल्याने हात वर केले. तोवर इकडे उसाला तुरा आला. तुरा आल्यावर ऊस वाढत नाही, आणि फार दिवस उभा राहिला तर कांड्या आतून पोकळ पडतात, वजन घटतं, साखर घटते. हा पुन्हा कारखान्याकडे धावला, पण तोडणीच्या कार्यक्रमात त्याचा नंबर आता शेवटी. हंगाम संपत आला होता. अखेर ऊस जनावरांच्या चाऱ्याला विकला. भाव बघून थांबला यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. थांबणारे कधीकधी कमावतातही. पण दुसरं हातात यायच्या आधी त्याने पहिलं उलटं केलं, आणि तो क्षण धुपाटणं हातात धरून पोरांना करूनच दाखव. पाणी आणि रंगीत पाणी घे, तेल-तूप नको, गालिचा खराब होईल.

उरलेल्या फोटोंपैकी 'गाढवाला गुळाची चव काय' तेवढी वर्गात नेऊ नकोस. ती समोरच्याच्या तोंडावर बोलायची नसते, त्याच्या पाठीमागे, तेही हसत बोलतात. तुझी पोरं ती पहिल्याच दिवशी एकमेकांना म्हणतील आणि आयांचे फोन तुला येतील. उसाच्या म्हणीसाठी मी तोडलेल्या फडाचा फोटो पाठवतो. पण गळीत हंगाम सुरू होऊ दे, दिवाळीनंतर. तोवर चार कार्डांवर काम भागव.

तुझा,
मामा