इंद्रसभेत इंद्र कुठे आहे?

वेरूळला आलेला प्रवासी कैलास पाहून दमतो आणि बहुधा तिथूनच परततो. उत्तरेकडे दीड-दोन किलोमीटरवर डोंगराच्या कडेला जैन लेणी आहेत, ३० ते ३४ क्रमांकांची. जे तिथवर जातात ते बत्तिसाव्या लेण्यात आधी अंगण ओलांडतात. या अंगणातला दगडी हत्ती आणि उंच मानस्तंभ मूळ कातळातूनच कोरून काढलेले आहेत. जिना चढून वरच्या मजल्यावर गेले की ओसरीच्या दोन टोकांना दोन मोठ्या मूर्ती समोरासमोर बसलेल्या दिसतात. एका टोकाला बसलेल्या हत्तीवर एक भरदार, दागिन्यांनी मढलेला पुरुष आहे आणि त्याच्या डोक्यावर वडाचा विस्तार. दुसऱ्या टोकाला सिंहावर एक स्त्री आहे, वर फळांनी लगडलेला आंबा आणि मांडीवर मूल. हत्ती म्हणजे ऐरावत, ऐरावतावर बसलेला तो इंद्र, मग समोरची इंद्राणी, आणि हे सगळे मिळून इंद्रसभा. लेण्याला हेच नाव चिकटले, आणि आजही ते त्याच नावाने ओळखले जाते. पण या लेण्यात मुख्य आसनावर इंद्र नाहीच, आणि हे सिद्ध करायला वेरूळच्या बाहेर फार जावे लागत नाही.

आधी त्या स्त्रीकडे पाहू, कारण खरा घोळ तिच्यापाशी उघडा पडतो. इंद्राणी कशी कोरायची हे वेरूळच्या शिल्पकारांना नीट ठाऊक होते. चौदाव्या लेण्यात, म्हणजे ‘रावण की खाई’त, सप्तमातृकांची रांग आहे. चेहऱ्यांवरून या बायका एकमेकींपासून ओळखू येत नाहीत. बहुतेकींजवळ मूल आहे, बसण्याची तऱ्हाही सारखीच. फरक आहे तो आसनाखाली कोरलेल्या वाहनात. हंस असेल तर ब्राह्मी, बैल असेल तर माहेश्वरी, मोर असेल तर कौमारी, गरुड असेल तर वैष्णवी, आणि हत्ती असेल तर ऐंद्री, म्हणजेच इंद्राणी. याच डोंगरातल्या कारागिरांच्या या भाषेत इंद्राणीची खूण हत्ती आहे. बत्तिसाव्या लेण्यातली बाई सिंहावर बसली आहे. नवरा हत्तीवर म्हणून बायको इंद्राणी, हा तर्क तिच्या पायाखालचे जनावर न बघताच केलेला आहे.

मग ती दुर्गा म्हणावी का? सिंह तर आहे. पण दुर्गेच्या सिंहाबरोबर महिषासुर येतो, त्रिशूळ येतो, अनेक हात येतात. इथे दोनच हात आहेत, युद्ध नाही, आणि एका मांडीवर मूल बसले आहे. मूल पाहून बौद्धांची हारिती आठवेल, अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ती आहेच. पण हारितीला सिंह नाही आणि आंबाही नाही. सिंह, आंबा आणि मूल ही तिन्ही लक्षणे एकत्र येतात ती फक्त अंबिकेत, बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांच्या यक्षीत. तिची कथा जैन परंपरेत प्रसिद्ध आहे. एका ब्राह्मणाच्या पत्नीने श्राद्धासाठी रांधलेले अन्न जैन मुनीला वाढले, म्हणून नवऱ्याने तिला घराबाहेर काढले. दोन मुलांना घेऊन ती गिरनारच्या वाटेने निघाली, आणि मुलांना भूक लागली तेव्हा वाळलेल्या आंब्याला फळे आली. मेल्यावर ती यक्षी झाली आणि नवरा पुढच्या जन्मी तिचे वाहन झाला. म्हणजे हा सिंह दुर्गेच्या सिंहासारखा शत्रू फाडणारा नाही, तो पश्चात्ताप पावलेला नवरा आहे. वाहन एकच असले तरी त्याचा अर्थ मूर्तीच्या बाकी अंगांवर ठरतो.

आता हत्तीवरच्या पुरुषाकडे वळू. इथे कोणी रास्त आक्षेप घेईल की जैनांनाही इंद्र वर्ज्य नाही. जिनाचा जन्म झाल्यावर सौधर्मेंद्र ऐरावतावरून बालकाला मेरुपर्वतावर स्नानाला नेतो, हा प्रसंग जैन चित्रांत आणि ग्रंथांत जागोजाग आहे. मग इथे तो का नसावा? याचे उत्तर त्याच्या बसण्यात, त्याच्या डोक्यावरच्या झाडात आणि त्याच्या जोडीदारणीत आहे. इंद्राच्या हाती वज्र हवे. वेरूळच्या जैन लेण्यांत हाच हत्तीवाला पुरुष लहान आकारात पुन्हा पुन्हा येतो, आणि जिथे हात शाबूत आहेत तिथे वज्राऐवजी फळ आणि धनाची थैली दिसते. त्याच्यासमोर नेहमी अंबिकाच असते. जिनाच्या गाभाऱ्याबाहेर, एका बाजूला धनाचा यक्ष आणि दुसऱ्या बाजूला मुलांची यक्षी, अशी ही जोडी आहे: भक्ताला संसारात जे हवे ते देणारी. हा यक्ष सर्वानुभूती. कुबेराशी त्याचे नाते उघड आहे, कारण पोट, थैली आणि ऐसपैस बसणे तेच.

बसण्याचा मुद्दा मला सगळ्यांत निर्णायक वाटतो, आणि मूर्ती ओळखताना लोक तोच वगळतात. याच लेण्यात तीर्थंकर एकतर पद्मासनात बसलेले आहेत, नाहीतर ताठ उभे, हात शरीराजवळ सोडून, कायोत्सर्गात. पार्श्वनाथांवर सात फण्यांचा नाग आहे, आणि बाहुबलीच्या अंगावर वेली चढल्या आहेत. त्यांच्या अंगावर दागिना नाही आणि हातात वस्तू नाही, कारण त्यांना काही द्यायचे-घ्यायचे उरलेले नाही. हत्तीवाला मात्र ललितासनात आहे, एक पाय आखडून, दुसरा खाली सोडून. असा पाय सोडून तीर्थंकर कधीच बसत नाही. म्हणून हातातली वस्तू शोधण्याआधीच कळते की हा मुक्त जीव नाही, देवयोनीतला सेवक आहे. आसनावरून दर्जा ठरतो, वाहन आणि झाडावरून नाव जवळ येते, आणि हातातली वस्तू त्या नावावर शिक्का मारते. आपण उलट्या क्रमाने जातो, आधी जनावर पाहतो आणि लगेच नाव ठोकून देतो, तिथे इंद्रसभा घडते.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे: हातच तुटलेले असतील तर शिक्का कुठून आणायचा? खरे आहे, बोटे आणि आयुधे भिंतीपासून सुटी असतात, म्हणून तीच आधी जातात. पण शिल्पकाराने जे भिंतीला धरून कोरले ते टिकते. आंब्याची पाने, वडाचा पसारा, मांडीवरचे मूल, पायाखालचे जनावर ही सारी मागच्या कातळाशी जोडलेली आहेत. म्हणून भग्न मूर्तीपुढे उभे राहताना आधी कडा आणि पार्श्वभूमी तपासावी, मग हात. तरी एक अडचण उरते. दिगंबर ग्रंथांत महावीरांच्या मातंग यक्षाचे वाहनही हत्तीच आहे आणि त्याच्या हातातही म्हाळुंगाचे फळ आहे. म्हणून कित्येक अभ्यासकांनी या पुरुषाला मातंग म्हटले. दोघांत फरक थैलीचा आहे, आणि जोडीदारणीचा: महावीरांची यक्षी सिद्धायिका, अंबिका नव्हे. प्रत्येक तीर्थंकराला स्वतंत्र यक्ष-यक्षी वाटून देणारी यादी हळूहळू पक्की झाली, आणि त्याआधी बराच काळ ही एकच जोडी कोणत्याही जिनाजवळ बसत असे. वेरूळच्या या मूर्ती त्या जुन्या वहिवाटीतल्या आहेत, म्हणून इथे सर्वानुभूतीचेच पारडे जड आहे.

हीच कसोटी पुणे जिल्ह्यात भाज्याला नेली तर ती अडखळते. तिथल्या एकोणिसाव्या लेण्याच्या ओसरीत हत्तीवर बसलेला एक पुरुष आहे, यापेक्षा कितीतरी शतके जुना, आणि त्यालाही इंद्रच म्हणतात. पण त्याच्यासमोर सिंहावरची बाई नाही, तीर्थंकर नाही, आणि तिथला हत्ती झाडाखाली बसलेला नाही, तो झाड उपटून सोंडेत धरून निघाला आहे. काही अभ्यासक त्यात बौद्ध कथांतला मांधाता राजा पाहतात, काही अजूनही इंद्र. तिथे जोडी नसल्याने निकाल लागत नाही.